फक्त एक ओळ आली, तर

मोबाइलवर पहिलाच निरोप येतो आणि त्यात गाण्याची एक ओळ असते. आधी नमस्कार नाही, खाली नाव नाही, शेवटी प्रश्नचिन्हही नाही. जुन्या गाण्यांचा नाद असलेल्या माणसाचा हात अशा वेळी आपोआप चालू लागतो. चित्रपट अमुक, साल अमुक, गायिका अमुक. उत्तर अचूक असतं, पाठवणाऱ्याला मिनिटभरात मिळतंही, आणि पुष्कळदा त्यानंतर समोरून काहीच येत नाही.

लोकांना गाणी शोधून देण्याचं काम मी हौसेनं बरीच वर्षं करतो आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. गाणं ओळखायचंच, पण आधी स्वतःसाठी. पाठवणाऱ्याला नाव लगेच सांगायचं की नाही, हा त्यानंतरचा प्रश्न.

ज्याला खरोखर नावच हवं असतं, त्याची ओळ बहुतेकदा लंगडी असते. मधला एखादा शब्द गळलेला असतो, शेवटी टिंबं असतात, कधी रोमन लिपीत घाईनं टंकलेलं असतं. आणि ती ओळ बहुधा अंतऱ्यातली असते, कारण मुखडा आठवत असता तर त्यानं आपला आपण शोध घेतला असता. आपल्याकडे चित्रपटगीताला वेगळं शीर्षक नसतं, मुखड्याचे पहिले शब्द हेच त्याचं नाव. हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी दशकवार खंडांत तयार केलेला ‘हिंदी फिल्म गीत कोश’ गाणी शोधणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यातही गाणी चित्रपटावार आणि सुरुवातीच्या शब्दांनी दिलेली आहेत. अंतऱ्यातली ओळ घेऊन असा कोश उघडला तर हाती काही लागत नाही. आणखी एक अडचण आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांची असे. त्यामुळे चित्रपटात असलेला एखादा अंतरा तबकडीवर आलाच नाही, असं अनेक गाण्यांच्या बाबतीत झालं आहे. अशा अंतऱ्यातली ओळ ज्याच्या लक्षात राहिली, त्यानं ते गाणं थिएटरात ऐकलेलं असण्याची शक्यता जास्त. म्हणून नाव शोधणाऱ्याला मी आधी विचारतो की आवाज बाईचा की पुरुषाचा, आणि ऐकलं कुठे, रेडिओवर, पडद्यावर की कुणाच्या तोंडून. एवढ्यावर बरंचसं काम होतं.

पण ओळ पूर्ण असेल, एकही मात्रा न चुकता लिहिलेली असेल, तर मी थांबतो. ज्याला इतकं नेमकं आठवतं त्याला गाण्याचं नाव ठाऊक नसेल, हे पटत नाही. मग ओळ कुठे तोडली आहे ते पाहतो. मुखड्याच्या पहिल्या अर्ध्यात काळोख आणि दुसऱ्या अर्ध्यात उजेड, अशी रचना आपल्या गीतकारांनी पुष्कळ वापरली. पाठवणाऱ्यानं पहिला अर्धा लिहिला आणि तिथेच थांबला, तर तो कुठे उभा आहे ते बरंचसं कळतं.

तिसरी खूण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे बदललेलं क्रियापद. मराठीत आणि हिंदीत क्रियापदाला लिंग असतं. नायिकेच्या तोंडची ओळ एखादा पुरुष पाठवतो तेव्हा कधी कधी तो शेवटची मात्रा बदलतो आणि ओळ स्वतःची करून टाकतो. वृत्त मोडलं तरी त्याची पर्वा नसते. जाणकाराच्या डोळ्याला तिथे चूक दिसते आणि ‘मूळ शब्द असे आहेत’ हे सांगण्याचा मोह होतो. याहून वाईट उत्तर मला सुचत नाही. त्या माणसानं मूळ शब्द मुद्दाम बाजूला ठेवलेले असतात.

मग गाणं स्वतःसाठी तरी कशाला ओळखायचं? कारण सुटी ओळ फसवते. ‘प्यासा’ (१९५७) या चित्रपटात साहिर लुधियानवींच्या शब्दांतलं शेवटाकडचं गाणं घ्या. त्यातली एखादी ओळ एकटी वाचली तर जगाचा वीट आलेल्या माणसाचे शेवटचे उद्गार वाटावेत. पडद्यावर मात्र मेला असं समजला गेलेला कवी विजय स्वतःच्याच स्मृतिसभेत येऊन उभा राहतो आणि मेल्यावर आपली पूजा मांडणाऱ्या बाजाराला ते सुनावतो. ती चीड आहे. चित्रपटाच्या शेवटी तो मरत नाही, गुलाबोला सोबत घेऊन निघून जातो. हे माहीत असलेल्याला ओळीत निराशेबरोबर राग ऐकू येतो आणि ‘कुणी दुखावलंय का तुम्हाला’ हा प्रश्न सुचतो. अर्थात पाठवणाऱ्यानं चित्रपट पाहिलेलाच नसेल, गाणं फक्त कानावर पडलेलं असेल, हेही शक्य आहे. म्हणून गाण्याच्या संदर्भावरून अंदाज बांधावा, पण तो खरा की खोटा हे त्या माणसाच्या उत्तरावरूनच ठरवावं.

एक निरोप सविस्तर सांगतो. पाठवणाऱ्याची ओळख कळेल असं काही मी त्यात ठेवलेलं नाही. ओळ गीतरामायणातली होती. राम भरताची समजूत घालतो, त्या गाण्यातली. मराठी घरांत कुणी गेलं की ती ओळ इतक्या वेळा पाठवली जाते की ओळखायला क्षणही लागत नाही. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर चाललेली ५६ गीतं, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, हे सगळं जिभेवर तयार होतं. ते लिहिलं असतं तर चूक काहीच नव्हतं. पण उत्तर भलत्याच प्रश्नाला गेलं असतं.

रात्रीची वेळ होती, क्रमांक अनोळखी होता, आणि सांत्वनाची ती ओळ मला कुणी पाठवायचं काही कारण नव्हतं, कारण आमच्याकडे कुणी गेलं नव्हतं. म्हणजे सांत्वन त्याला स्वतःला हवं असणार. मग गाण्यात कोण कुणाला बोलतो आहे, ते मी नीट आठवलं. भरत चित्रकूटला येतो तेव्हा दशरथ गेलेले असतात. वडिलांच्या शेवटच्या वेळी भरत अयोध्येत नव्हता, आजोळी होता. जे झालं त्याचा सल तो स्वतःकडे घेऊन आला आहे. राम त्याला सांगतो की यात अपराध कुणाचाच नाही. ही ओळ ज्याला हवीशी वाटते, तो नुसता दुःखी नसेल, स्वतःला दोषही देत असेल, असा माझा अंदाज झाला.

अंदाज मी लिहिला नाही. एवढंच लिहिलं, ‘ओळ मिळाली. गाणं शोधताय, की मनात दुसरं काही आहे? दोन्हींसाठी मी आहे.’ वाक्य साधं आहे, पण त्यातला प्रत्येक तुकडा मी विचार करून ठेवतो. ज्याला नाव हवं आहे त्याला यात अवघडल्यासारखं होत नाही, आणि ज्याला बोलायचं आहे त्याला दार दिसतं. ‘काय झालं?’ असं एकदम विचारलं की माणूस ‘काही नाही, सहज’ म्हणून मागे सरकतो.

थोड्या वेळानं उत्तर आलं. गाणं माहीत आहे. वडील गेले. परदेशातून निघालो, पण पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. भरत हा शब्द त्यानं लिहिला नाही, मीही काढला नाही. वडील ते गाणं म्हणायचे का, एवढंच विचारलं आणि नंतर बराच वेळ तोच लिहीत राहिला. काही दिवसांनी त्यानं स्वतःहून गाण्याबद्दल विचारलं. तेव्हा सांगितलं की मूळ प्रक्षेपणात वेगवेगळ्या पात्रांसाठी वेगवेगळे गायक होते, रामाची गाणी फडक्यांनी म्हटली, आणि पुढे जाहीर कार्यक्रमांतून ते सगळीच गाणी एकटे गात. वडिलांनी कुठलं ऐकलं असेल यावर मग आमचं बोलणं झालं. तीच माहिती पहिल्या रात्री दिली असती तर बोलणं तिथेच संपलं असतं.

काही ओळी मात्र थांबू देत नाहीत. निरोप घेण्याच्या, कायमच्या झोपेच्या ओळी अवेळी आल्या, आणि पुढच्या एक-दोन उत्तरांत ‘आता काही उरलं नाही’ असा सूर लागला, तर गाणं बाजूला ठेवून सरळ विचारावं, ‘जीव द्यायचा विचार मनात येतोय का?’ असं विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही, हे या क्षेत्रात काम करणारे खात्रीनं सांगतात. उलट कुणीतरी स्पष्ट बोललं म्हणून माणूस बोलू लागतो. उत्तर ‘हो’ आलं तर बोलणं चालू ठेवायचं, जवळचं कोण आहे ते विचारायचं आणि त्याला एकटं राहू द्यायचं नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मराठीतही मिळते. गाणी ओळखणाऱ्यानं समुपदेशक व्हायला जाऊ नये, पण हा क्रमांक जवळ ठेवावा.

एखाद्या मुलीला अनोळखी क्रमांकावरून प्रेमगीताची ओळ येते, तेव्हा यातलं काहीच लागू होत नाही. तिथे गाणं ओळखून दाखवणं म्हणजे खेळात उतरणं, असाच अर्थ समोरचा घेतो. उत्तर देण्याचं कुठलंही बंधन तिच्यावर नाही.

शेवटी अशा ओळी, ज्या ओळखताच येत नाहीत. कुठल्याही कोशात नाहीत, तबकडीवर नाहीत, गीतकाराचं नाव नाही. लय साडेतीन चरणांची, लेकीला किंवा भावाला उद्देशून, एखादा शब्द एका तालुक्यापुरताच. ही बहुधा जात्यावरची ओवी असते. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यांतल्या बऱ्याच प्रसिद्ध झालेल्या आहेत, आणि त्यांच्यासोबत गाणाऱ्या बाईचं आणि गावाचं नाव दिलेलं असतं. तिथे शोधायचं तर गाव लागतं, म्हणणारी कोण होती ते लागतं. म्हणून अशी ओळ आली की मी पहिला प्रश्न विचारतो, ‘ही तुमच्याकडे कोण म्हणायचं?’ उत्तरात आजीचं नाव येतं, गाव येतं, आणि बहुतेकदा दुसरी ओवीही येते.