सीताफळ संपलं? पेज डिलीट करू नका!

बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये जीआय मिळालं, पण ताज्या फळाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे आटोपतो. मग बरेच जण पेजच उडवतात. गूगलवरून किंवा जुन्या व्हॉट्सॲप मेसेजवरून आलेलं गिऱ्हाईक तिथूनच परत जातं. त्याला होमपेजवर ढकलणंही कामाचं नाही.

लिंक, फोटो, रिव्ह्यू तसेच ठेवा. सगळ्यात वर लिहा: “ताजं सीताफळ संपलं. पुढचा माल सप्टेंबरच्या सुमारास. रबडी, आइस्क्रीमसाठी फ्रोझन गर आहे.” लगेच खाली गराची लिंक. ज्याला फळच खायचंय, त्याला गर चालणार नाही. त्याचा नंबर नोंदवून घ्या. प्रॉडक्ट डेटात `OutOfStock` करा, नाहीतर गूगल ‘उपलब्ध’च दाखवत राहील.