अदलाबदलीत हरवणारा क्रम

७, ४, ९, -२, -६, ३, -५. हे सात आकडे अशा रीतीने मांडायचे आहेत की आधी एक धन संख्या, मग एक ऋण, पुन्हा धन, पुन्हा ऋण. अट एवढीच की धन संख्या आपसांत ज्या क्रमाने आल्या तो क्रम मोडायचा नाही आणि ऋण संख्यांचाही मोडायचा नाही. सुरुवात धन संख्येने करायची ठरली, तर याचं उत्तर एकच निघतं: ७, -२, ४, -६, ९, -५, ३.

सॉफ्टवेअरच्या मुलाखतींत हा प्रश्न नेहमी विचारला जातो. लीटकोड या सरावाच्या संकेतस्थळावर तो २१४९ क्रमांकाने आहे. तिथे धन आणि ऋण संख्या सारख्याच असतात आणि शून्य कुठेही येत नाही, त्यामुळे तिथलं रूप बरंच सोपं आहे. खरी कसोटी लागते ती या दोन सवलती काढून घेतल्या आणि वर ‘दुसरा अ‍ॅरे वापरायचा नाही, याच घरांत काम उरका’ अशी अट घातली की.

बहुतेकांना आधी अदलाबदल सुचते. डावीकडून चालत जायचं. चुकीच्या चिन्हाची संख्या दिसली की उजवीकडे हव्या चिन्हाची पहिली संख्या शोधायची आणि दोघींच्या जागा बदलायच्या. आपल्या उदाहरणात दुसऱ्या घरात ऋण संख्या हवी, पण तिथे ४ आहे. पहिली ऋण संख्या चौथ्या घरात, -२. अदलाबदल केली की ७, -२, ९, ४, -६, ३, -५ असं होतं. असंच पुढे जात राहिलं की शेवटी ७, -२, ९, -६, ४, -५, ३ हाती येतं. धन-ऋण, धन-ऋण अगदी बिनचूक. फक्त ९ ही संख्या ४ च्या पुढे गेली आहे. हे आकडे म्हणजे तारखेनुसार आलेल्या नोंदी असतील, तर नंतरची नोंद आधी दिसू लागेल.

ही चूक लबाड आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. चाचणी लिहिणाऱ्याने फक्त चिन्हं आलटून-पालटून येतात का एवढंच तपासलं, तर हे उत्तर बिनदिक्कत पास होतं. आकडे एकसारखे असतील, जसं सगळे १ आणि -१, तर कितीही तपासलं तरी दोष सापडणार नाही. म्हणून चाचणीत वेगवेगळे आकडे घ्यावेत, मूळ अ‍ॅरेतून फक्त धन संख्या वेचून एक यादी करावी, उत्तरातून वेचून दुसरी करावी, आणि दोन्ही याद्या जशाच्या तशा जुळतात का ते पाहावं. ऋण संख्यांसाठीही तेच.

अदलाबदलीत नेमकं बिघडतं कुठे? ४ ची उडी ९ च्या डोक्यावरून गेली, आणि ४ व ९ एकाच चिन्हाचे आहेत. क्रम मोडतो तो एवढ्यामुळेच. मग उपाय असा की -२ ला उचलून दुसऱ्या घरात आणायचं आणि ४ व ९ या दोघांना एकेक घर मागे सरकवायचं, रांगेतल्या एकाला पुढे बोलावल्यावर बाकीचे एक पाऊल मागे होतात तसं. आता ७, -२, ४, ९, -६, ३, -५ झालं. चौथ्या घरातल्या ९ च्या जागी -६ ला पुढे आणलं, मग सहाव्या घरातल्या ३ च्या जागी -५ ला आणलं, की हवं ते उत्तर मिळतं.

या युक्तीचं बळ एका साध्या निरीक्षणात आहे. चुकीच्या घरापासून सापडलेल्या संख्येपर्यंत मध्ये जे कोणी आहेत, ते सगळे विरुद्ध चिन्हाचेच असतात. नसते तर शोध आधीच थांबला असता. त्यामुळे पुढे येणारी संख्या आपल्या चिन्हाच्या कुणालाही ओलांडत नाही. पायथॉनमध्ये हे असं लिहिता येतं:

```python
def alternate(a):
    for i in range(len(a)):
        want = (i % 2 == 0)
        j = i
        while j < len(a) and (a[j] >= 0) != want:
            j += 1
        if j == len(a):
            return
        a.insert(i, a.pop(j))
```

इथे `>=` या खुणेने शून्याला धन संख्यांच्या गटात टाकलं आहे. शून्य कुठल्या बाजूचं, हे गणित ठरवून देत नाही. ते लिहिणाऱ्याने ठरवायचं आणि सगळीकडे तेच पाळायचं. एका चिन्हाच्या संख्या आधी संपल्या तर प्रोग्राम तिथेच थांबतो आणि उरलेल्या संख्या आपल्या मूळ क्रमाने शेपटाला राहतात.

किंमत मात्र मोजावी लागते. एक लाख आकड्यांमध्ये आधी ५०,००० धन आणि मग ५०,००० ऋण असतील, तर पहिल्या ऋण संख्येला ४९,९९९ जणांना मागे सारावं लागतं, दुसरीला ४९,९९८ जणांना, असं करत एकूण सरकवासरकवी सुमारे १२५ कोटींवर जाते. त्याउलट मेमरी हाताशी असेल, तर धन संख्यांची एक यादी आणि ऋण संख्यांची दुसरी करून आळीपाळीने परत लिहिल्या की काम एक लाखाच्या एक-दोन फेऱ्यांत संपतं. साध्या संगणकावर हाच मार्ग घ्यावा, उगाच हुशारी करू नये. फक्त ‘धन संख्या पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या घरात टाकत जा’ ही लीटकोडवरची लोकप्रिय पद्धत इथे आंधळेपणाने वापरू नये. धन चार आणि ऋण दोनच असतील, तर चौथी धन संख्या सातव्या घरात जायला निघते, आणि घरं तर सहाच असतात.

दुसऱ्या यादीला जागाच नाही असंही घडतं. अर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर चालत्या प्रोग्रामसाठी जेमतेम २,०४८ बाइट मेमरी असते. दोन बाइटचे ७०० आकडे घेतले की १,४०० बाइट गेले. त्यांची नक्कल मावणारच नाही. पण सरकवण्याची पद्धत इथे छान चालते. वाईटात वाईट परिस्थितीत ८१,७८३ वेळा सरकवावं लागेल, आणि त्या बोर्डाला एवढं काम सेकंदाच्या आत उरकता येतं.

आकडे खूप आणि मेमरी कमी, अशी दुहेरी अडचण असेल तर अ‍ॅरेचे दोन भाग करतात. प्रत्येक भागात याच रीतीने धन डावीकडे, ऋण उजवीकडे आणले की चार तुकडे होतात: धन, ऋण, धन, ऋण. आता मधल्या दोन तुकड्यांनी जागा बदलायच्या. समजा ते -२, -६ आणि ३, ८ आहेत. प्रत्येक तुकडा उलटा केला की -६, -२, ८, ३ होतं. मग चारही मिळून उलटे केले की ३, ८, -२, -६. जागा बदलल्या आणि आतला क्रम शाबूत राहिला. अर्ध्यांचे अर्धे करत जाण्याच्या एक लाख आकड्यांमध्ये फक्त सतराच्या आसपास पायऱ्या होतात. वेगळ्या झालेल्या दोन गटांना पुढे आळीपाळीने गुंफायचं कामही याच युक्तीने होतं.

सी++ भाषेतलं तयार `std::stable_partition` क्रम सांभाळून दोन गट पाडून देतं. जास्तीची मेमरी मिळाली तर ते तिचा उपयोग करतं, आणि नाही मिळाली तर अधिक अदलाबदली करून तेच काम पार पाडतं. युर्की काताजाइनेन आणि तोमी पासानेन यांनी १९९२ मध्ये दाखवून दिलं की क्रम राखून गट पाडण्याचं काम जवळजवळ काहीही जास्तीची मेमरी न घेता, आकड्यांच्या संख्येच्या प्रमाणातच वेळ लावून करता येतं. पण ती पद्धत इतकी गुंतागुंतीची आहे की रोजच्या कामात प्रोग्रामर दोन याद्या तरी करतात, नाहीतर सरळ सरकवत जातात.