काळा ब्लाउज, पांढरी काख

संक्रांतीला काळं नेसायची पद्धत आपल्याकडेच. वर्षभर कपाटात घडी करून ठेवलेला काळा ब्लाउज त्या दिवशी बाहेर निघतो आणि काखेपाशी राखाडी-पांढरे पट्टे दिसतात. ठेवताना तर तो धुतलेला होता! मग पुन्हा एकदा साबण लावून खसाखसा घासला जातो, ओला असेपर्यंत अगदी स्वच्छ दिसतो, आणि वाळला की पट्टे जिथल्या तिथे. काळे शर्ट घालून हॉटेलात, दुकानात किंवा बँडमध्ये काम करणाऱ्यांना तर हा त्रास संक्रांतीची वाट न पाहता रोजच होतो.

या पांढऱ्या खुणा दोन प्रकारच्या असतात आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे. पहिली ताजी खूण. शर्ट डोक्यातून घालताना खालची कड काखेला किंवा स्टिकच्या थराला घासते आणि कापडावर पांढरा फराटा उठतो. ही नुसती भुकटी असते, कापडाच्या वरवर बसलेली. इथे बहुतेकांचा पहिला हात पाण्याकडे जातो, आणि तिथेच बिघडतं. पाणी लावलं की भुकटी आणि मेण एक होऊन विणीत शिरतात, फराटा मोठा होतो. त्याऐवजी कोरड्या कापडाने झटका. जुना नायलॉनचा मोजा, स्वच्छ कोरडा स्पंज किंवा त्याच शर्टाची आतली कड, यांतलं जे हाताशी असेल ते घ्या आणि एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवा. भुकटी निघून जाते. थोडी सावली उरलीच तर जेमतेम दमट फडक्याने टिपा. ऑफिसला निघता निघता एवढं पुरतं.

दुसरी खूण मुरलेली. ती आतून सुरू होते आणि महिनोन्‌महिने साठत जाते. काखेतलं कापड खळ दिल्यासारखं कडक होतं, नखाने खरवडलं तर पांढरट पूड येते. हिच्यासाठी काखेत आपण काय लावतो ते आधी समजून घ्यायला हवं.

बाजारात ज्याला सरसकट ‘डिओ’ म्हणतात त्यात दोन जाती आहेत. एक नुसता वास दाबते: सुगंध आणि जंतूंना आवर घालणारे घटक. दुसरी घामच कमी करते. तिच्या डबीवर ‘अँटिपर्स्पिरंट’ असं छापलेलं असतं आणि घटकांच्या यादीत अॅल्युमिनियमचा एखादा क्षार, बहुतेक वेळा अॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट, सापडतो. हा क्षार घामात विरघळतो, त्याची जेलीसारखी गुठळी होते आणि ती घामाच्या ग्रंथीचं तोंड काही काळ बुजवते. कातडीवर हे हवंच असतं. पण त्यातला काही भाग कापडावर उतरतो आणि तिथेही तसाच घट्ट बसतो. स्टिकमध्ये याच्या जोडीला मेणचट पदार्थ आणि बऱ्याचदा टाल्क असतं. वरून आपण पावडर थापली की भर पडतेच. काखेत तुरटी फिरवणाऱ्यांनीही ‘आमचं नैसर्गिक’ म्हणून निश्चिंत राहू नये. तुरटी हाही अॅल्युमिनियमचाच क्षार आहे. रंगारी कापडाला रंग पक्का धरावा म्हणून शतकानुशतकं तुरटी वापरत आले, कारण अॅल्युमिनियम सुती धाग्याला चिकटून राहतं.

आता धुण्याचा साबण. साबणाची वडी, डिटर्जंटची पावडर, धुण्याचा सोडा हे सगळे अल्कधर्मी. अॅल्युमिनियमचा क्षार अल्कलीत गेला की पाण्यात न विरघळणारा पांढरा साका तयार होतो, आणि साध्या साबणाशी जुळला की चिकट, अविद्राव्य असा साबणाचाच एक प्रकार बनतो. बोअरवेलचं जड पाणी असेल तर कॅल्शियमचा साका त्यात मिसळतो. म्हणजे आपण घासून घासून डाग काढत नसतो, त्याचा एकेक थर पक्का करत असतो. वर इस्त्री फिरवली की मेण आणि कातडीचं तेल धाग्यात आणखी खोल जातं.

ओलेपणी डाग का दिसत नाही, याचंही उत्तर सोपं आहे. पांढरेपणा येतो तो त्या बारीक कणांवरून प्रकाश सगळीकडे विखुरल्यामुळे. कणांमधल्या हवेची जागा पाण्याने घेतली की विखुरणं कमी होतं आणि कण तिथेच असूनही नजरेआड होतात. म्हणून डाग गेला की नाही हा निकाल फक्त पूर्ण वाळलेल्या कपड्यावर द्यायचा, तोही इस्त्री करण्याआधी.

औषध अर्थातच आम्लाचं. हॉटेलातल्या ग्राहकांना वाढणाऱ्या माझ्या भाच्याचा काळा शर्ट डोळ्यांपुढे ठेवून सांगतो. सुती-पॉलिएस्टर मिश्र कापड, वर्षभर रोज स्टिक, दोन्ही काखा कडक. शर्ट उलटा केला, कोरडा असतानाच बोथट चमच्याच्या कडेने थर खरवडून झटकला. मग दोन्ही काखांना भांडी घासायच्या लिक्विडचे थोडेसे थेंब आणि कोमट पाणी लावून पंधरा मिनिटं ठेवलं. हे आधी करायचं, कारण क्षारावर मेणाचा आणि तेलाचा लेप असतो. तो निघाल्याशिवाय आम्ल आत पोचत नाही. मऊ जुन्या टूथब्रशने कापडाच्या धाग्याच्या दिशेने हलके घासलं आणि भरपूर पाण्यात खळबळून काढलं.

त्यानंतर एका वाडग्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर आणि एक वाटी कोमट पाणी घेतलं आणि फक्त काखेचा भाग त्यात अर्धा तास बुडवून ठेवला. व्हिनेगर नसेल तर लिंबूफुलाचा एक चहाचा चमचा लिटरभर पाण्यात विरघळवून चालतो. पुन्हा ब्रश, पुन्हा खळबळणं, व्हिनेगरचा वास जाईपर्यंत. मग नेहमीसारखा लिक्विड डिटर्जंटमध्ये धुतला आणि उलटाच सावलीत वाळत घातला. वाळल्यावर पाहिलं तर कडकपणा गेला होता, पांढरेपणा बराच उतरला होता, पण पुसट कड होती. हीच कृती पुन्हा केल्यावर डावी काख काळी झाली. उजवीकडे मात्र तपकिरी झाक राहिली. तिथे नखाने पूड येत नव्हती आणि कापड मऊ होतं. तो डाग नव्हता, रंगच उडाला होता.

हा फरक ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण उडालेल्या रंगाला व्हिनेगरचा काही उपयोग नाही आणि जास्त घासलं तर आणखी उडतो. खरवडल्यावर पूड येते, कापड कडक आहे, आतल्या बाजूला खूण जास्त ठळक आहे, तर तो साका आणि तो निघेल. कापड मऊ, पूड नाही, छटा तांबूस किंवा जांभळट, तर गेलेला रंग. पाठीवर, छातीवर नकाशासारख्या पांढऱ्या रेषा दिसत असतील तर तो घामातला मीठच. तो नुसत्या पाण्यात विरघळतो. आणि पट्टे काखेत नसून सगळ्या घड्यांमध्ये पसरलेले असतील तर डिओला दोष देऊ नका, डिटर्जंट जास्त झालंय किंवा नीट खळबळलं गेलं नाही.

घरोघर सांगितला जाणारा खाण्याच्या सोड्याचा आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप इथे मी ठामपणे टाळायला सांगेन. तो पांढऱ्या शर्टाच्या पिवळ्या काखांसाठी आहे. पेरॉक्साइड काळा रंग फिकट करू शकतं आणि सोडा स्वतःच पांढरी पूड मागे ठेवतो. लिंबू पिळून उन्हात टाकणंही तसंच. ब्लीच तर काळ्या कापडावर नकोच, आणि व्हिनेगरबरोबर तर कधीच नको. त्या दोघांच्या मिश्रणातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

कोणतंही द्रावण लावण्याआधी आतल्या शिवणीवर रंगाची परीक्षा करा. द्रावणात बुडवलेला पांढरा कापूस तिथे दोन मिनिटं दाबून धरा. कापसावर रंग आला तर थांबा.

रेशमी ब्लाउजची गोष्ट वेगळी. ओलं रेशीम घासलं की त्याचे धागे पिसकटतात आणि त्या जागी पांढुरकी झाक येते. ती डिओची नसते आणि निघतही नाही. शिवाय अॅल्युमिनियमचे आम्लधर्मी क्षार आणि घाम मिळून रेशमाला हळूहळू ठिसूळ करतात, म्हणून तिथे कापड काखेतच आधी चिरतं. जरीचा काठ असेल तर व्हिनेगर त्याला काळवंडवू शकतं. अशा ब्लाउजवर कोरडी भुकटी झटकण्यापलीकडे घरी काही करू नये, ड्रायक्लीनिंगला द्यावा आणि डाग डिओचा आहे हे तिथे सांगावं. ब्लाउजला सुती अस्तर असेल तर बहुतेक थर अस्तरावरच थांबतो, म्हणून शिवायला टाकताना काखेपर्यंत अस्तर मागून घ्यायला विसरू नका. रेयॉन ओला झाला की कमकुवत होतो, तेव्हा त्यावर ब्रश नको, बोटांनीच काम भागवा.

पुन्हा थर साचू नये म्हणून एक सवय पुरते. अँटिपर्स्पिरंट सकाळच्या घाईत न लावता रात्री झोपताना कोरड्या काखेला लावावं. त्वचारोगतज्ज्ञही हेच सांगतात, कारण रात्री घाम कमी असतो आणि क्षाराला ग्रंथीच्या तोंडाशी बसायला वेळ मिळतो. सकाळी आंघोळीत वरचा थर धुऊन जातो, परिणाम मात्र टिकतो, आणि शर्टाला लागायला फारसं काही उरत नाही. सकाळीच लावायचं असेल तर ते पूर्ण वाळल्यावर कपडे घाला. काखेत दिसण्याइतका पांढरा थर म्हणजे गरजेपेक्षा जास्त लावलंय.

रंगच उडालेला शर्ट सुती असेल तर रंगाऱ्याकडून पुन्हा काळा करून मिळतो. त्याआधी काखेतला साका पूर्ण काढा, नाहीतर तिथे रंग धब्ब्यांनी बसतो. शर्ट पॉलिएस्टरचा असेल तर पैसे घालवू नका, सुताचा रंग त्याला धरत नाही.