ऐंशी-वीसचा हिशोब : तंबाखूचा दोष कोणाच्या माथी?

मुलुंडला आमच्या शेजारचे एक काका जबड्याच्या कॅन्सरनं गेले. तेराव्याला जमलेल्या मंडळींत फिरून फिरून एकच वाक्य ऐकू येत होतं : "स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं." काकांना तंबाखूची पंचवीस वर्षांची सवय होती, घरच्यांनी हजारदा सांगून पाहिलं होतं, त्यामुळे त्या वाक्याला कोणी हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही. पण हेच वाक्य सिगारेट कंपन्यांच्या वकिलांनी अमेरिकेतल्या कोर्टांत चाळीस वर्षं म्हटलं आणि त्याच्या जोरावर ते जिंकत राहिले, हे मला ठाऊक होतं. ते वाक्य कोर्टात लंगडं कधी पडलं आणि आपल्याकडे अजून ठणठणीत का आहे, याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : पाकिटावर इशारा छापला की कंपनी सुटली.

अर्धं खरं आहे, म्हणूनच हा समज टिकून आहे. न्यू जर्सीच्या रोज सिपोलोन या बाईंनी १९४२ च्या सुमारास, शाळकरी वयातच सिगारेट धरली. पुढे फुप्फुसाचा कॅन्सर झाला आणि १९८३ मध्ये त्यांनी लिगेट आणि इतर कंपन्यांवर दावा लावला. वर्षभरात त्या वारल्या, पण नवऱ्यानं खटला चालू ठेवला. १९८८ मध्ये ज्युरीनं निकाल दिला. धोक्याची सूचना न दिल्याबद्दल लिगेट दोषी, पण किती? वीस टक्के. उरलेला ऐंशी टक्के दोष खुद्द रोजबाईंचा. तिथल्या नियमानुसार निम्म्याहून जास्त दोष आपला असेल तर त्या मुद्द्यावर दमडी मिळत नाही.

तरीही ज्युरीनं नवऱ्याला चार लाख डॉलर देऊ केले, ते जाहिरातींमुळे. पाकिटावर इशारा येण्याआधी, म्हणजे १९६६ पूर्वी, कंपनीनं जाहिरातींतून आपल्या सिगारेटींच्या निर्धोकपणाची हमी दिली होती आणि ती मोडली, असं ज्युरीला वाटलं. अपिलात ही रक्कमही गेली. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं जे सांगितलं त्यात गंमत आहे : पाकिटावरचा मजकूर १९६९ च्या केंद्रीय कायद्यानं ठरवून दिलेला असल्यामुळे 'इशारा अपुरा होता' अशी तक्रार त्यानंतरच्या काळापुरती करता येणार नाही, पण फसवणूक, लपवाछपवी आणि मोडलेली हमी यांबद्दल दावा चालेल. इशाऱ्याची ती ओळ ग्राहकासाठी छापली, आणि ढाल म्हणून वापरली कंपन्यांनी. सिपोलोन कुटुंबानं मात्र थकून दावा सोडून दिला.

गैरसमज : अमेरिकेत आजारी पडलेल्या लोकांनी खटले भरून कंपन्यांना वाकवलं.

पहिले खटले १९५४ च्या आसपासचे. तेव्हापासून जवळपास चार दशकं कंपन्यांनी भरपाई म्हणून एक डॉलरसुद्धा दिला नाही. तडजोड करायची नाही, प्रत्येक अर्जावर भांडायचं, समोरच्याचे पैसे आणि आयुष्य दोन्ही संपेपर्यंत ताणायचं, ही त्यांची ठरलेली रीत होती.

फासे फिरले ते फिर्यादी बदलला तेव्हा. मे १९९४ मध्ये मिसिसिपी राज्याचे ॲटर्नी जनरल माइक मूर यांनी दावा दाखल केला. गरीब रुग्णांच्या उपचारांवर सरकारी तिजोरीतून जो खर्च झाला, तो कंपन्यांनी भरून द्यावा, एवढीच मागणी. इथे 'स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं' म्हणणार कोणाला? राज्यानं तर कधी सिगारेट ओढलीच नव्हती.

दुसरी गोष्ट कागदांची. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सात कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथेवर सांगितलं होतं की निकोटीन व्यसन लावतं असं आम्हांला वाटत नाही. काही आठवड्यांत ब्राउन अँड विल्यमसन कंपनीचे आतले कागद बाहेर फुटले. कंपनीच्याच मुख्य वकिलानं १९६३ मध्ये लिहून ठेवलं होतं की निकोटीन हे व्यसन लावणारं द्रव्य आहे आणि आपला धंदा ते विकण्याचा आहे. शपथेच्या तीस वर्षं आधी! 'ओढणाऱ्याला सगळं माहीत होतं' हा बचाव त्या दिवसापासून खिळखिळा झाला, कारण आता प्रश्न वेगळा होता : कंपनीला काय माहीत होतं आणि तिनं ते कोणाला सांगितलं?

२३ नोव्हेंबर १९९८ रोजी ४६ राज्यांशी करार झाला. पहिल्या पंचवीस वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर द्यायचं कंपन्यांनी कबूल केलं. हा पैसा राज्यांच्या तिजोरीत गेला, रुग्णांच्या घरी नाही, हेही लक्षात ठेवावं.

गैरसमज : आता तिकडे सगळा दोष कंपनीचाच धरतात.

सगळा नाही, पण वाटणी उलटली आहे. ती कशी, हे कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातल्या २०१५ च्या निकालात छान दिसतं. न्यायमूर्ती ब्रायन रिऑर्डन यांनी तीन कंपन्यांवर पंधरा अब्ज कॅनडियन डॉलरहून अधिक भरपाई लादली. मला त्या आकड्यापेक्षा त्यांनी दोषाची फोड कशी केली ते जास्त मोलाचं वाटतं.

त्यांनी आधी ठरवलं की सिगारेटनं कॅन्सर होतो हे सर्वसामान्य माणसाला कधीपासून पुरेसं कळलेलं होतं. तारीख धरली १ जानेवारी १९८०. व्यसनाची तारीख मात्र वेगळी, १ मार्च १९९६. म्हणजे आजाराचं कळणं आणि सुटता न येण्याचं कळणं, या दोन निराळ्या गोष्टी मानल्या. मग पुराव्यावरून असं धरलं की नव्यानं ओढू लागलेल्याला व्यसन जडायला साधारण चार वर्षं लागतात. १९८० मधून चार वजा करा : १९७६. त्याआधी ज्यानं सुरुवात केली, तो धोका कळला तेव्हा अडकून बसलेलाच होता. त्याचा दोष शून्य. १९७६ नंतर सुरू करून १९८० नंतरही जो ओढत राहिला, त्याला सोडण्याची संधी होती, म्हणून त्याचा दोष वीस टक्के आणि कंपन्यांचा ऐंशी. फुप्फुसाच्या किंवा घशाच्या कॅन्सरच्या रुग्णाला पहिल्या गटात एक लाख डॉलर, दुसऱ्यात ऐंशी हजार.

रोजबाईंच्या निकालातले तेच दोन आकडे, फक्त जागा बदललेले. वरच्या कोर्टानं २०१९ मध्ये निकाल जवळपास तसाच ठेवला. कंपन्यांनी लगेच दिवाळखोरीच्या कायद्याचं संरक्षण घेतलं आणि तडजोड मंजूर व्हायला २०२५ उजाडलं. तोवर किती फिर्यादी उरले असतील, याचा अंदाज करवत नाही.

गैरसमज : आपल्याकडेही कोर्टानं कंपन्यांना चाप लावला, सिगारेटबंदी झाली की!

ती याचिका मुंबईच्याच माणसाची. शहराचे माजी महापौर आणि काँग्रेसचे नेते मुरली देवरा १९९९ मध्ये थेट सुप्रीम कोर्टात गेले. २ नोव्हेंबर २००१ रोजी कोर्टानं रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, वाचनालयं, सरकारी कचेऱ्या, कोर्टाच्या इमारती, सभागृहं आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहनं इथे धूम्रपानाला मनाई केली. आधार होता घटनेचं २१वं कलम, म्हणजे जगण्याचा हक्क. पण कोणाचा? न ओढणाऱ्याचा. बोरिवली लोकलच्या डब्यात दुसऱ्याचा धूर मुकाट गिळणाऱ्या प्रवाशाला कोर्टानं ओळखलं. धूर सोडणाऱ्याच्या हातात सिगारेट कोणी दिली, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

२००३ च्या तंबाखू कायद्यात दंड पाहा. सार्वजनिक ठिकाणी ओढली तर दोनशे रुपयांपर्यंत. पाकिटावर ठरलेला इशारा न छापणाऱ्या उत्पादकाला पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, आणि तो दंड जास्तीत जास्त पाच हजार रुपये. अंधेरी स्टेशनबाहेर पंचवीस जण पकडले तरी तेवढी वसुली होईल.

गुटख्याची कथा थोडी वेगळी. महाराष्ट्रानं ऑगस्ट २००२ पासून बंदी घातली. उत्पादक कोर्टात गेले आणि २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली, कारण तेव्हाच्या अन्नभेसळ कायद्यात राज्याच्या अधिकाऱ्याला तो अधिकार नव्हता. पुढे अन्नसुरक्षेच्या नव्या नियमांत अन्नपदार्थात तंबाखू आणि निकोटीन घालायला मनाई आली, आणि त्या आधारावर २०१२ ची बंदी उभी राहिली. इथे निदान वस्तूच दोषी ठरली. त्यावरही तोड निघाली : पानमसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी, आणि मिसळायचं काम गिऱ्हाइकाचं. पुन्हा स्वतःच्या हातानं.

गैरसमज : आता ग्राहक कायदा कडक झालाय, दावा ठोकला की भरपाई.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूबद्दल उत्पादकाला जबाबदार धरणारं स्वतंत्र प्रकरण आलं, आणि ते जुलै २०२० पासून लागू आहे. समजा घाटकोपरचा एखादा रिक्षावाला त्यावर विसंबून आयोगाकडे गेला. तक्रार दोन वर्षांच्या मुदतीत हवी. मग कोणत्या कंपनीची सिगारेट ओढली ते दाखवायला हवं. तो आयुष्यभर टपरीवर सुट्टी घेत आला. बिल नाही, पाकीट नाही. महाराष्ट्रानं सुट्ट्या विक्रीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली, पण त्याआधीची वर्षं तर तशीच गेली.

एवढं पार केलं तरी ८७वं कलम आडवं येतं. जो धोका उघड आहे, सर्वांना माहीत आहे किंवा ग्राहकाला माहीत असायला हवा होता, त्याची सूचना दिली नाही म्हणून उत्पादक जबाबदार नाही. तेराव्याचं ते वाक्य कायद्याच्या भाषेत लिहिलं तर असंच होईल. सुट्टी सिगारेट घेणाऱ्याला पाकिटावरचं चित्र दिसत नाही, आणि आजार ठाऊक असणं म्हणजे व्यसन ठाऊक असणं नव्हे, हे दोन युक्तिवाद मात्र या कलमापुढे करून पाहण्यासारखे आहेत. अमेरिका-कॅनडासारखा भरपाईचा निकाल भारतात लागलेला नाही.

मग मिसिसिपीसारखं सरकारनंच उपचारांचा खर्च का मागू नये? या प्रश्नाला २०१७ मध्ये मुंबई हायकोर्टात दाखल झालेल्या एका जनहित याचिकेनं अप्रत्यक्ष उत्तर दिलं. याचिकाकर्त्यांत सुमित्रा पेडणेकर होत्या. त्यांचे पती, महाराष्ट्राचे माजी मंत्री सतीश पेडणेकर, तोंडाच्या कॅन्सरनं गेले होते. त्यांची मागणी कंपनीकडून भरपाईची नव्हती. एलआयसी आणि सरकारी विमा कंपन्यांनी तंबाखू कंपन्यांमधले आपले शेअर काढून घ्यावेत, असं त्या म्हणत होत्या. आयटीसीच्या सर्वांत मोठ्या भागधारकांत एलआयसीचं नाव आहे. काकांच्या कपाटात सापडलेली पॉलिसीही एलआयसीचीच होती.