दाढ, डॉक्टर आणि एक वाक्य

आमच्या बोरीवलीच्या शेजारीणबाईंनी दाढेवर कॅप बसवून घेतली. पैसे मोजले सहा हजार आणि कॅप निघाली बाराव्या दिवशी! पुन्हा बसवायचे वेगळे पैसे, असे डॉक्टर म्हणाले. बाई तापल्या आणि मोबाईलवर सर्वांना वाचता येईल असा अभिप्राय त्यांनी लिहून टाकला : ‘कॅप बाराव्या दिवशी निघाली. काम निष्काळजीपणाचे वाटले. माझ्या मते या माणसाची पदवीच खोटी आहे.’ आठवड्याने वकिलाची नोटीस दारात!

बाईंचा भाचा वकील. तो म्हणाला, ‘‘मामी, पहिली दोन वाक्ये राहू द्या. पहिल्याला तुमची बिले साक्षीला आहेत. दुसरे तुमचे मत, आणि ते कशावरून बनले हे वाचणाऱ्याला दिसते आहे. तिसरे मात्र मत नव्हेच! पदवी खरी किंवा खोटी. ‘माझ्या मते’ म्हटल्याने ती खोटी ठरत नाही.’’

कायद्याने हा फरक फार जुन्या काळी एका मजेदार उदाहरणाने सांगितला आहे. १८६० च्या दंडसंहितेतले ते उदाहरण २०२३ च्या न्यायसंहितेच्या कलम ३५६ मध्येही आहे. एखाद्याचे पुस्तक वाचून ‘पुस्तक अश्लील आहे, लेखकाचे मन मलिन असावे’ असे कोणी सद्भावनेने म्हटले, तर गुन्हा नाही. मत पुस्तकावरून काढले आहे. पण ‘हा मुळातच बदफैली, मग पुस्तक असेच असायचे’ म्हणाल तर अडकलात! इथे पुस्तकाच्या आधाराशिवाय माणसावर चिखल उडाला.

आधाराची घटनाच खोटी निघाली, तर मतही तिच्याबरोबर कोसळते. १९६० साली ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने उद्योगपती कृष्णराज ठाकरसी यांच्यावर लेख छापला. मुंबई उच्च न्यायालयात ‘ही रास्त टीका आहे’ हा संपादक करंजिया यांचा बचाव टिकला नाही. तीन लाखांची भरपाई अपिलात दीड लाखावर आली, एवढाच काय तो दिलासा.

‘‘पण खरे तर लिहायला हरकत नाही ना?’’ बाईंनी विचारले. इथे एक खोच आहे. भरपाईच्या दिवाणी दाव्यात सत्य हा पुरा बचाव होतो. फौजदारीत नुसते सत्य पुरत नाही. ते सांगणे लोकहिताचेही असावे लागते. इतरांच्या हितासाठी सद्भावनेने सावध केले, तर त्यालाही कायद्यात वेगळा अपवाद आहे. मात्र कायद्याच्या भाषेत सद्भावना म्हणजे योग्य ती काळजी घेणे. दंतवैद्यांची नोंद राज्याच्या दंत परिषदेकडे असते. बाईंनी आधी तिथे पाहायला हवे होते.

भाच्याने मागून पाहिले. डॉक्टरांचे नाव नोंदणीत होते. बाईंनी तिसरे वाक्य काढले, चूक झाल्याचे डॉक्टरांना लेखी कळवले. पहिली दोन मात्र त्यांनी एक अक्षर न बदलता ठेवली आहेत.