छोट्या कंपनीचं चार पानी आर्किटेक्चर

भोसरीच्या एमआयडीसीतली एक कंपनी डोळ्यांसमोर आणा. प्रायव्हेट लिमिटेड, सत्तर माणसं, वर्षाची उलाढाल वीस कोटी, काम यंत्रांचे सुटे भाग बनवून पुरवण्याचं. हिशेब टॅलीत. ऑर्डरींसाठी सात-आठ वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाकडून करून घेतलेला प्रोग्रॅम. हजेरीचं यंत्र वेगळं, पगाराची शीट वेगळी. विक्रीवाल्यांच्या एक्सेल ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर आणि उरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर. आता विक्री व्यवस्थापक म्हणतो, ‘सर, ग्राहकांचा पाठपुरावा ठेवायला एक सीआरएम घेऊ. महिन्याला माणशी थोडेच पैसे आहेत.’

सर काय म्हणतील? बहुतेक वेळा ‘घ्या’ म्हणतात आणि वर्षभराने एकाच ग्राहकाचं नाव पाच ठिकाणी, पाच प्रकारे लिहिलेलं सापडतं. अशा वेळी ‘घ्या’ म्हणायचं की ‘थांबा’, हे ठरवण्याची पद्धत म्हणजे एंटरप्राइज आर्किटेक्चर. धंद्याची कुठली कामं कुठल्या साधनांवर चालतात, माहिती कुठून कुठे जाते आणि नवीन काही घेताना कुठले नियम पाळायचे, याची लेखी मांडणी.

हा विषय मोठ्यांच्या घरात जन्मला. जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये आयबीएमच्या नियतकालिकात माहिती-यंत्रणांच्या मांडणीचा आराखडा प्रसिद्ध केला; पुढे त्याचा सहा बाय सहाचा, छत्तीस चौकटींचा तक्ता झाला. १९९५ मध्ये ओपन ग्रुप या संस्थेची टोगॅफ ही पद्धत आली, तिचा पाया अमेरिकी संरक्षण खात्याच्या आराखड्यावर होता. हजारो माणसं आणि शेकडो यंत्रणा असतील तिथे हा पसारा लागतो. सत्तर माणसांच्या कंपनीने छत्तीस चौकटी भरायला घेतल्या, तर चौकटी भरून होईपर्यंत निम्मी माहिती जुनी झालेली असेल.

मग किती पुरे? कसोटी सोपी आहे: जो कागद पुढच्या खरेदीचा, नूतनीकरणाचा किंवा एखादी गोष्ट बंद करण्याचा निर्णय बदलू शकतो तो ठेवा, बाकीचे करू नका. या कसोटीला छोट्या कंपनीत साधारण चार पानं उतरतात: नकाशा, तत्त्वं, साधनांची यादी आणि निर्णयांची नोंदवही.

पहिलं पान नकाशाचं. त्यावर कंपनीतल्या प्रत्येक यंत्रणेचा एक चौकोन आणि माहिती जिकडे जाते तिकडे बाण. बाणावर दोन गोष्टी लिहायच्या: काय जातं आणि कसं जातं. ‘ऑर्डर प्रोग्रॅमकडून टॅलीकडे: बिलाचा तपशील, हाताने टाइप करून.’ हे ‘हाताने’ असलेले बाण लाल करा. चुका तिथेच होतात. आपल्या कंपनीत एका ग्राहकाचा जीएसटी क्रमांक बदलला. लेखापालाने टॅलीत दुरुस्त केला, ऑर्डर प्रोग्रॅममध्ये जुनाच राहिला. बिलावर एक क्रमांक, चलनावर दुसरा. माल ग्राहकाच्या गेटवर अडला आणि दोन दिवस फोनाफोनी. पाच कोटींहून अधिक उलाढालीच्या धंद्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे, त्यामुळे पंधरा अक्षरांच्या त्या क्रमांकातली चूक आता सरकारी पोर्टलपर्यंत पोचते.

दुसऱ्या पानावर तत्त्वं, पाचच्या वर नकोत. ‘आम्ही आधुनिक तंत्रज्ञान वापरू’ हे तत्त्व नव्हे, कारण त्याला कोणी विरोध करणार नाही आणि त्याने कुठलाही वाद सुटणार नाही. तत्त्वाच्या खाली ‘म्हणून काय’ हे लिहिता आलं पाहिजे आणि ते कुणाला तरी थोडं टोचलं पाहिजे. आपल्या कंपनीची पाच अशी:

१. प्रत्येक माहितीची मूळ नोंद एकाच ठिकाणी. म्हणून ग्राहकाचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक टॅलीतलाच खरा. विक्रीवाल्यांना तो बदलता येणार नाही, बदल लेखा विभागाला कळवावा लागेल.

२. सगळ्यांचं सारखंच असतं ते विकत घ्या, आपलं वेगळं आहे तेवढंच बनवा. म्हणून पगार आणि हजेरी तयार साधनांवर. सुट्या भागाचा दर काढण्याचं गणित मात्र आपलं.

३. आत शिरण्याआधी बाहेरची वाट पाहा. म्हणून खरेदीपूर्वी आपली सगळी माहिती साध्या फाइलमध्ये बाहेर काढून दाखवायला सांगायची. विक्रेत्याच्या शब्दावर भागवायचं नाही.

४. एका कामाला एकच साधन. म्हणून नवं आलं की जुनं कधी बंद होणार, ती तारीख त्याच दिवशी ठरेल.

५. कंपनीची खाती कंपनीच्या नावावर. म्हणून वेबसाइटचं डोमेन, ईमेल आणि क्लाउडची मुख्य खाती कुणाच्या खाजगी ईमेलवर असणार नाहीत.

पाचवं तत्त्व किरकोळ वाटतं. पण ज्याने वेबसाइट करून दिली त्याच्याच ईमेलवर डोमेन नोंदलेलं असतं आणि नूतनीकरणाची सूचनाही त्यालाच जाते. तो माणूस धंदा बदलून गेला की एका सकाळी वेबसाइट बंद आणि ईमेलही बंद.

तिसरं पान साधनांच्या यादीचं, आणि रोज उपयोगी पडणारं हेच. थॉटवर्क्स ही कंपनी २०१० पासून ‘टेक्नॉलॉजी रडार’ प्रसिद्ध करते. त्यात प्रत्येक तंत्राला चारपैकी एक दर्जा दिलेला असतो. तीच कल्पना जरा बदलून वापरता येते. ‘वापरा’ म्हणजे बिनधास्त घ्या. ‘आजमावा’ म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं. ‘थांबवा’ म्हणजे आहे ते चालू द्या, नव्याने घेऊ नका. ‘काढा’ म्हणजे तारीख ठरवून बंद करा. वीस-पंचवीस ओळींत छोटी कंपनी मावते. यादीतल्या काही ओळी अशा:

| काम | साधन | दर्जा | जबाबदार | तारीख |
|---|---|---|---|---|
| हिशेब, बिलं | टॅलीप्राइम, एडिट लॉगसह | वापरा | लेखाप्रमुख | दर एप्रिलमध्ये तपासणी |
| कार्यालयीन संगणक | विंडोज ११ | वापरा | प्रशासन | दर एप्रिलमध्ये तपासणी |
| जुने संगणक | विंडोज १० | काढा | प्रशासन | पाठिंबा संपला: १४ ऑक्टोबर २०२५ |
| ऑर्डर प्रोग्रॅम | पीएचपी ७.४, मायएसक्यूएल ५.७ | काढा | कारखाना व्यवस्थापक | पाठिंबा संपला: नोव्हेंबर २०२२, ऑक्टोबर २०२३ |
| ग्राहकांच्या याद्या | वैयक्तिक एक्सेल | थांबवा | विक्री व्यवस्थापक | नवी यादी नको |
| विक्रीचा पाठपुरावा | सीआरएम | आजमावा | विक्री व्यवस्थापक | तीन महिन्यांनी निर्णय |

पहिल्या ओळीतलं ‘एडिट लॉगसह’ हौसेचं नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर प्रत्येक बदलाची तारखेनिशी नोंद ठेवणारं असावं आणि ती नोंद बंद करता येऊ नये, असा कंपनी कायद्याखालचा नियम आहे. उद्या कुणी स्वस्तातलं हिशेबाचं सॉफ्टवेअर सुचवलं, तर ही ओळच उत्तर देते.

यादीचा खरा उपयोग चौथ्या ओळीत दिसतो. ऑर्डर प्रोग्रॅम रोज चालतो, कुणाची तक्रार नाही. मालक म्हणतात, ‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?’ पण पीएचपी आणि डेटाबेसच्या त्या आवृत्त्यांत यापुढे सापडणाऱ्या सुरक्षेच्या भोकांवर त्यांचे निर्माते मोफत ठिगळं देणार नाहीत, आणि प्रोग्रॅम ज्या विंडोज १० च्या संगणकावर बसलाय त्याचीही मुदत संपली आहे. शिवाय विक्रीवाल्यांना बाहेरून बघता यावं म्हणून तो इंटरनेटला उघडा ठेवलेला. चौथं पान अशाच निर्णयांसाठी असतं.

मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेली एक पद्धत सॉफ्टवेअरच्या जगात रुळली आहे: महत्त्वाच्या प्रत्येक निर्णयाची एक छोटी नोंद, जिच्यात मुख्यतः परिस्थिती, निर्णय आणि परिणाम असतात. आपल्या कंपनीची नोंद अशी होईल: ‘परिस्थिती: ऑर्डर प्रोग्रॅमच्या तिन्ही पायांचा पाठिंबा संपला, तो लिहिणारा आता उपलब्ध नाही. निर्णय: या आठवड्यात इंटरनेटवरून काढून फक्त कार्यालयाच्या जाळ्यात ठेवणे, माहितीची प्रत रोज दुसऱ्या जागी ठेवणे आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून प्रोग्रॅम उभा करून पाहणे, सहा महिन्यांत तयार सॉफ्टवेअरवर जाणे. परिणाम: विक्रीवाल्यांना बाहेरून ऑर्डर दिसणार नाही, तोवर सकाळी यादी पाठवली जाईल.’

नुसती पीएचपीची आवृत्ती का बदलली नाही, असं पुढे कोणी विचारेलच. त्याचंही उत्तर नोंदीत हवं. पीएचपी ८ मध्ये शून्याची अक्षरांशी तुलना करण्याची रीत बदलली. जुन्या आवृत्तीत शून्य आणि कुठलाही शब्द ‘समान’ ठरायचे, नव्यात ठरत नाहीत. प्रोग्रॅम त्या सवयीवर लिहिलेला असेल तर तो बंद पडणार नाही, चुकीचं उत्तर देईल. मूळ लेखक नसताना अशी जागा शोधत बसण्यापेक्षा तयार सॉफ्टवेअर बरं, हा विचार लिहून ठेवला की दोन वर्षांनी तोच वाद पुन्हा होत नाही.

आता सीआरएमकडे. चार पानं समोर ठेवली तर उत्तर अर्ध्या तासात मिळतं. तिसऱ्या तत्त्वाप्रमाणे माहिती बाहेर काढून पाहिली: संपर्क निघाले, पण भेटींच्या नोंदी निघाल्या नाहीत. विक्रेत्याला ते जमवून दाखवायला सांगितलं. पहिल्या तत्त्वामुळे ग्राहकाचं नाव आणि जीएसटी क्रमांक टॅलीतून आठवड्याला एकदा आत जातील, सीआरएममध्ये ते बदलता येणार नाहीत. चौथ्या तत्त्वामुळे चाचणी यशस्वी झाली तर सगळ्या एक्सेल याद्या ठरलेल्या तारखेला बंद. निर्णय झाला: तीन माणसं, तीन महिने, ‘आजमावा’.

नियमाला अपवाद लागतात. एखादा मोठा ग्राहक त्याच्याच पोर्टलवर काम करायला लावतो, तिथे आपली यादी चालत नाही. अपवाद द्यावा, पण मागणाऱ्याचं नाव, कारण आणि संपण्याची तारीख लिहून. तारीख नसलेला अपवाद हाच हळूहळू नियम होतो.

हे सगळं कोण सांभाळणार? त्यासाठी वेगळा आर्किटेक्ट नेमायची गरज नाही. धंदा आणि संगणक दोन्ही कळणारा एक माणूस, तीन महिन्यांतून एकदा अर्धा दिवस, आणि खरेदीवर सही करणारे मालक एवढं पुरतं. मात्र यादी पाहिल्याशिवाय तंत्रज्ञानाच्या कुठल्याही बिलावर सही नाही, ही शिस्त मालकांनीच पाळायची. त्यांनीच ती मोडली तर बाकी कोणी पाळणार नाही.

प्रमाण चुकलंय हे ओळखता येतं. गेल्या खरेदीच्या वेळी यादी उघडलीच गेली नाही, नकाशा फक्त मीटिंगच्या आदल्या रात्री दुरुस्त होतो, किंवा परवानगीला चाचणीपेक्षा जास्त दिवस लागतात, तर आर्किटेक्चर जास्त झालंय. पानं कमी करा. उलट, एकच आकडा दोन विभाग वेगवेगळा सांगतात किंवा एक माणूस रजेवर गेला की पासवर्ड सापडत नाही, तर ते कमी पडतंय. दुसरा कारखाना निघाला, स्वतःचं सॉफ्टवेअर लिहिणारी मोठी टीम झाली किंवा मोठे ग्राहक सुरक्षेचं ऑडिट मागू लागले, की पाचव्या पानाची वेळ आली असं समजावं. तोपर्यंत चार पानं पुरे. सुरुवात यादीपासून करा, आणि पहिल्याच दिवशी ज्या साधनांचा पाठिंबा संपलाय त्यांच्यापुढे ‘काढा’ असं लिहा.