दोन वर्तुळांतून शेकरूची शेपटी

गल्लीतल्या खो-खो स्पर्धेचा फ्लेक्स लागतो आणि त्यावरचा वाघ लांबूनही पुसट दिसतो. चित्र कुठून तरी मोबाइलवर उतरवून घेतलेलं असतं, रुंदीला जेमतेम ६०० पिक्सेल. तेच तीन मीटर ताणलं की प्रत्येक पिक्सेल ५ मिलिमीटरचा चौकोन होतो आणि वाघाच्या मिशांच्या जागी पायऱ्या दिसू लागतात.

व्हेक्टर चित्रात हे घडत नाही. तिथे संगणक ठिपके साठवत नाही. इथे अमुक केंद्राचं, तमुक त्रिज्येचं वर्तुळ आहे, एवढीच नोंद ठेवतो आणि हव्या त्या मापात ते नव्याने आखतो. शिवाय हात चित्रकलेत बसलेला नसला तरी वर्तुळ, लंबवर्तुळ आणि आयत एवढ्यावर क्लबचा शुभंकर उभा करता येतो. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकचा ‘वाल्डी’ हा डॅक्सहुंड कुत्रा असाच साध्या, सपाट रंगांच्या पट्ट्यांचा होता आणि तो ऑलिंपिकचा पहिला अधिकृत शुभंकर ठरला.

एखाद्या खो-खो क्लबने शेकरू निवडलं आहे असं धरू. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी भीमाशंकरच्या जंगलात एका झाडावरून दुसऱ्यावर लांबलांब उड्या घेतो. खो-खोतल्या पळतीला शोभणारी ही चपळाई आहेच. चित्र काढणाऱ्याच्या दृष्टीने मात्र शेकरूचं खरं वैशिष्ट्य म्हणजे अंगाइतकी किंवा त्याहूनही लांब झुबकेदार शेपटी. ती जमली की बाकीचं शेकरू ओळखायला फार तपशील लागत नाही.

काम इंकस्केपमध्ये करता येतं. हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. आधी २०० मिलिमीटरचं चौरस पान घ्यायचं. Ctrl दाबून वर्तुळ ओढलं की ते लांबट होत नाही. माप वरच्या पट्टीत टाकता येतं. धडासाठी ७० बाय ९५चं लंबवर्तुळ आणि डोक्यासाठी ६५चं वर्तुळ. डोकं धडावर थोडं चढवायचं, नाहीतर मान तुटल्यासारखी दिसते. हातपायांसाठी कोपरे गोल केलेले आयत पुरतात. कान लहान वर्तुळांचे. एक डोळा काढून Ctrl+D ने त्याची प्रत घ्यायची आणि ती दुसऱ्या बाजूला सरकवायची. बाह्यरेषा सगळ्यांच्याच बंद ठेवायच्या, नुसता रंग भरायचा.

शेपटी करताना एक आकार दुसऱ्यातून वजा करावा लागतो. ११० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ काढायचं, त्यावर ८०चं दुसरं ठेवायचं आणि दोन्हींचे मध्य जुळवायचे. मग छोटं वर्तुळ उजवीकडे २५ मिलिमीटर सरकवायचं. दोन्ही निवडून Path > Difference म्हटलं की छोटं वर्तुळ मोठ्याचा घास घेतं आणि चंद्रकोर उरते. डावीकडे तिची जाडी ४० मिलिमीटर भरते.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली सरकवण्याच्या अंतराची. त्रिज्या ५५ आणि ४० आहेत, म्हणजे फरक १५चा. त्याहून कमी सरकवलं तर छोटं वर्तुळ मोठ्याच्या बाहेर डोकावतच नाही, आणि कोर न होता कडं तयार होतं. दुसरी चूक वरखाली ठेवण्याची. इंकस्केप वरचा आकार खालच्यातून कापतं. छोटं वर्तुळ खाली राहिलं तर उलट होतं: मोठ्याने त्याला जवळजवळ पूर्ण झाकलेलं असल्यामुळे उजवीकडची बारीक फाक तेवढी उरते. ती दिसली की Ctrl+Z करून छोटं वर्तुळ वर आणायचं.

कोरीचं खालचं टोक धडामागे लपवायचं. वरचं टोक अणकुचीदार असतं, म्हणून कोर जरा फिरवून त्या टोकावर ३० मिलिमीटरचं फिकट रंगाचं वर्तुळ बसवायचं. शेपटीचा झुबका तयार.

आता परीक्षा सावलीची. सगळ्या आकारांची प्रत घ्यायची, Path > Union ने ती एकसंध करायची आणि काळ्या रंगाने भरायची. नुसत्या काळ्या आकारावरून शेकरू कळलं पाहिजे. पहिल्या प्रयत्नात बहुधा एक हात गायब झालेला दिसतो. रंगीत चित्रात पोटासमोर घेतलेला हात छान दिसत होता, पण सावलीत तो धडात विरघळतो. हात बाहेर, पुढे झेपावलेला काढला आणि धड १५ अंशांनी कललं की पळणारा गडी सावलीतूनही ओळखू येतो.

ही काळी प्रत पुसायची नाही. तिला ४ मिलिमीटरची काळी रेषा द्यायची आणि चित्राच्या तळाशी ठेवायची. रेषेचा अर्धा भाग आत आणि अर्धा बाहेर पडतो, त्यामुळे शेकरूभोवती २ मिलिमीटरची सुबक किनार उमटते.

पण रेषा रेषाच राहिली तर छपाईत घोळ होतो. सॉफ्टवेअरच्या सेटिंगनुसार चित्र लहान करताना रेषेची जाडी चित्राबरोबर कमी होते किंवा आहे तेवढीच राहते. ती तेवढीच राहिली आणि चित्र २५ मिलिमीटरच्या बिल्ल्यावर नेलं, तर काळी किनार शेकरूच्या मानाने फारच जाड होते. म्हणून आधी Path > Stroke to Path, मग Object > Ungroup आणि शेवटी पुन्हा Path > Union. आता किनार हाही एक भरीव आकार झाला.

टी-शर्टवर विनाइल चिकटवायचं असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी लागते. कटिंग प्लॉटरचं पातं रंग बघत नाही, आकाराच्या कडेवरून फिरतं. धड आणि पाय पडद्यावर एक दिसत असले तरी ते जोडलेले नसतील, तर पातं पायाची लपलेली कड धडाच्या मधूनच कापत जातं. View > Display Mode > Outline केलं की रंग नाहीसे होऊन सगळ्या लपलेल्या कडा उघड्या पडतात. जिथे एकाच रंगाच्या दोन रेषा एकमेकींना छेदतात, तिथे Union करायचं राहिलेलं असतं.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते, आणि प्रत्येक जाळीमागे खर्च वाढतो. लालसर तपकिरी, फिकट पिवळसर आणि काळा एवढे तीन रंग शेकरूला पुरतात.

बिल्ल्यासाठी मात्र वेगळं चित्र करणंच बरं. चित्राचा आठवा भाग केला की १० मिलिमीटरचा डोळा सव्वा मिलिमीटरचा होतो आणि त्यातला ३ मिलिमीटरचा पांढरा ठिपका ०.४ मिलिमीटरवर येतो. कापडावर शाई थोडी पसरते, आणि ठिपका बुजतो. बिल्ल्यावर फक्त डोकं घ्यायचं, डोळे मोठे करायचे आणि ठिपका काढून टाकायचा.

क्लबचं नाव देवनागरीत असेल तर छापखान्याला फाइल देताना Path > Object to Path करून अक्षरांचे आकार करून टाकावेत. तिथल्या संगणकावर तो फाँट नसला तर जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात. आकार झालेल्या अक्षरांना हा धोका नाही, पण त्यात नंतर एक अक्षरही टाइप करून बदलता येत नाही. म्हणून अक्षरं जशीच्या तशी असलेली SVG फाइल क्लबकडे जपून ठेवायची आणि आकार केलेली PDF छापायला द्यायची. सगळे टी-शर्ट छापायला सांगण्याआधी एकच छापून घ्यायचा, तो अंगात घालून एकाला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभं करायचं आणि इकडून शेपटी दिसते का ते पाहायचं.